विहिरीतल्या बुडीचा आवाज भिंतीपलीकडचा वाटतोय, पाण्यातला नाही. सल्ला हवा

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. आम्ही मित्रमंडळी मिळून एक लघुपट करतोय, ध्वनीचं काम माझ्याकडे आहे. चित्रण सासवडजवळच्या एका विहिरीवर झालं. एक मुलगा काठावरून उडी मारतो, तळाशी पडलेला तांब्या काढायला खाली जातो आणि वरून आई हाका मारत राहते. पाण्याखालचा भाग सव्वा मिनिटाचा आहे. कॅमेऱ्यावरचा आवाज वापरण्यासारखा नाही, म्हणून सगळं नव्याने बांधतेय. सगळ्या ट्रॅकना मिळून ५०० हर्ट्झवर लो-पास लावलाय, खाली एक घरघर आहे, वर तयार बुडबुडे टाकलेत. तरी शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असल्यासारखं वाटतं. काय कमी पडतंय?

निनाद_पाषाण
पाणी हाय फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतं, त्यामुळे लो-पास अजून खाली घे, ३०० पर्यंत. आणि स्टिरिओ आवळून मोनो कर. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो, दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून दिशा कळत नाही.

अनंतकाका
सायली, दिशेचं निनाद म्हणतोय ते अगदी बरोबर. मोनो करच. पण पाणी हाय खातं हे मैलोगणती अंतराला लागू आहे. विहिरीतल्या पाचसहा मीटरांत पाणी जवळजवळ काहीच खात नाही. हायड्रोफोन पाण्यात सोडून दोन दगड एकमेकांवर आपट, आवाज टणटणीत आणि धारदार येतो. आपल्याला दबलेलं ऐकू येतं याची कारणं दुसरी आहेत. एक तर कानात पाणी शिरलं की पडदा हवेतल्यासारखा हलत नाही, बरंचसं ऐकणं कवटीच्या हाडातून होतं. दुसरं, हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, हजारातला एखादा भागच आत उतरतो.

म्हणून सरसकट सगळ्यांना एकच लो-पास लावला की भिंत तयार होते. भिंतीपलीकडे सगळंच दबलेलं असतं. पाण्यात मात्र अंगाला लागून असलेलं स्पष्ट असतं आणि बाकीचं दबलेलं. मुलाच्या नाकातोंडातून सुटणारे बुडबुडे, कानाशी घासणारं पाणी, तांब्याला लागलेलं नख, यांना फिल्टर लावू नकोस. त्यांच्यामुळेच बाकीचं दूर गेल्यासारखं वाटेल.

निनाद_पाषाण
काका, पण खरं पाणी धारदार असेल तर मग दबवायचंच कशाला?

अनंतकाका
कारण प्रेक्षक हायड्रोफोनच्या नाही, मुलाच्या कानाने ऐकतोय. दृश्य माशाच्या बाजूने असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता आईची हाक. आई काठावर वाकून सरळ खाली बघत हाक मारत असेल तर नशीब समज. हवेतला आवाज उभ्या रेषेपासून साधारण १३ अंशांच्या आतून आला तरच पाण्यात शिरतो, त्याहून तिरका आला तर वरच्या वर परततो. विहीर ही त्यासाठी अगदी योग्य जागा आहे. हाकेवर वेगळा लो-पास लाव, उतार २४ डीबीचा ठेव आणि मुलगा जसा खाली जाईल तसा सरकवत ने: पृष्ठभागाखाली ९००, मधे ५००, तळाशी ३०० च्या आसपास. सोबत पातळीही उतरव. ५०० च्या खाली व्यंजनं जातात, फक्त स्वरांची चाल उरते. त्यामुळे हाक लांबवून पुन्हा ध्वनिमुद्रित कर. 'चिंट्या' म्हटलं तर तळाशी काहीच उरणार नाही, 'बाळाऽऽ' म्हटलं तर सूर पोचेल.

मंदार_नाट्यवेडा
आमच्या बालनाट्यात कालियामर्दनाचा प्रवेश आहे. भरत नाट्य मंदिरात प्रयोग आहे. मुलांच्या कॉलर माइकवर हाच लो-पास लावला तर संवाद कळेनासे झाले. किती हर्ट्झ ठेवावा?

अनंतकाका
मंदार, संवाद कळायला हवेत तर माणसाच्या आवाजाला हातच लावू नका. पाणी फक्त पार्श्वध्वनीत आणा: मागच्या स्पीकरवर खालची घरघर आणि बासरीला लो-पास. बाकी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कांचन_इ
सायली, बुडबुडे विकत घेऊ नकोस, घरीच कर. बुधवार पेठेत पिएझो चकती अगदी स्वस्त मिळते. तार जोडून फुग्यात घाल, तोंड घट्ट बांध, बादलीत सोड आणि स्ट्रॉने फुंक. मात्र ती साध्या माइक इनपुटला लावलीस तर खालचा सगळा आवाज गायब होईल. इंटरफेसवर गिटारचं इनपुट असतं, तिथे लाव.

अनंतकाका
कांचन म्हणते ते उत्तम. त्यात एक गोष्ट पाहा. बुडबुड्याचा सूर त्याच्या आकारावर ठरतो. पृष्ठभागाजवळ ३.२६ ला मीटरमधल्या त्रिज्येने भागलं की हर्ट्झ मिळतात. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३,२६० हर्ट्झला टिणकतो, एक सेंटिमीटरचा ३२६ ला. स्ट्रॉचे बुडबुडे दोनतीन मिलिमीटरचे निघतात, ते मत्स्यालयासारखे ऐकू येतात. मुलाच्या तोंडून सुटणारे बरेच मोठे असतात. मुद्रण अर्ध्या वेगाने वाजवलं की बुडबुडा दुप्पट मोठा झाला, पाव वेगाने चौपट. तुझ्या तयार बुडबुड्यांचं बिनसलंय ते बहुधा इथेच, तोंड मोठं आणि बुडबुडे बारीक. पण सगळे सावकाश करू नकोस, मोठ्यांच्या मागे थोडे मूळ वेगाचे सोड.

सायली_कोथरूड
खूप आभार! बुडबुडे पाव वेगाने लावले आणि फिल्टर काढला, लगेच फरक पडला. आता घरघरीचं सांगा. सध्या ४० हर्ट्झची आहे. हेडफोनवर छान वाटते, मोबाइलवर काहीच नाही.

अनंतकाका
आधी सांग, ती घरघर कुणाची? विहिरीत जहाज नाही. काठावर मोटर आहे का?

सायली_कोथरूड
आहे! चौकटीत दिसतेसुद्धा, पाइप पाण्यात गेलाय.

अनंतकाका
मग प्रश्न सुटला. दोन पोलची मोटर मिनिटाला २,९०० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे साधारण ४८ हर्ट्झ, आणि विजेची गुणगुण १०० वर. हा आवाज हवेतून येत नाही, लोखंडी पाइपातून थेट पाण्यात उतरतो. म्हणून उडी मारल्याक्षणी आईचा आवाज पडायला हवा आणि मोटरचा चढायला हवा. कथेतही ते बसतं. मोटरच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन दे, म्हणजे २०० च्या वरही तिच्या पट्ट्या उगवतील आणि मोबाइलवर तेवढ्या ऐकू येतील. ४८ मोबाइलवर येणारच नाही, त्याच्या मागे लागू नकोस.

निनाद_पाषाण
तळाशी पोचल्यावर हृदयाचे ठोके टाक. दम संपत आलाय हे लगेच कळेल.

कांचन_इ
मला नाही पटत. ठोके आले की प्रेक्षक मुलगा बुडणार असं धरून बसतो. हा तर तांब्या काढायला गेलाय.

अनंतकाका
मी कांचनच्या बाजूने. पण दिग्दर्शकाला भीती हवी असेल तर निनादचं चालेल. ठोक्यांचा सूर ४८ हर्ट्झच्या जवळ येऊ देऊ नकोस, मोटरमधे मिसळतील.

सायली_कोथरूड
दिग्दर्शक दोन्ही ऐकून ठरवणार आहे. शेवटचं एक, मुलगा वर येतो तिथे फिल्टर एकदम उघडू की हळूहळू?

अनंतकाका
डोकं बाहेर येतं त्याच चौकटीवर एकदम, मोनोचं स्टिरिओही तिथेच. फक्त एका कानात पाणी राहतं, तर डावी बाजू सेकंदभर दबलेलीच ठेवून बघ.

कांचन_इ
हेडफोनवर ते भारी वाटेल. थिएटरात डावा स्पीकर बिघडलाय असं लोकांना वाटू शकतं. दोन्हीकडे तपासून घे.