58 मध्ये KH, 53 मध्ये 840: असा क्यूआर ऍपने अडवावा का?

पाटीपेन्सिल
कंबोडियातल्या सिएम रीपच्या एका कॅफेचा क्यूआर उलगडून पाहिला. खात्याचं आणि दुकानाचं नाव बदललंय, शेवटची सीआरसी ही तपासणीची चार अक्षरं झाकलीत. मजकूर सलग आहे, जागेसाठी दोन ओळींत तोडला.

```
00020101021129140010shop1@bank520458125303840
5802KH5910Lotus Cafe6009Siem Reap6304XXXX
```

58 या रकान्यात देश KH म्हणजे कंबोडिया, 53 या रकान्यात चलन मात्र 840 म्हणजे अमेरिकी डॉलर. माझं स्पष्ट मत असं की देश आणि चलन जुळत नसेल तर ऍपने पैसे पाठवूच देऊ नयेत. आणि देश कळला की चलन कळतंच, मग दोन वेगळे रकाने हवेत कशाला?

अडकित्ता
या नियमाने तुम्ही निम्मं कंबोडिया बंद कराल. तिथे रिएल आणि डॉलर दोन्ही रोजच्या व्यवहारात चालतात, आणि त्यांच्या केएचक्यूआर या देशव्यापी क्यूआर पद्धतीत 53 या रकान्यात 116 म्हणजे रिएल किंवा 840 म्हणजे डॉलर दोन्ही वैध आहेत. ज्या दुकानाची दोन खाती आहेत तिथे दोन स्टिकरही दिसतात, एक रिएलचं, एक डॉलरचं. दोन्हींत 58 पुढे KH असतं.

रकाने वेगळे आहेत कारण प्रश्न वेगळे आहेत. 53 सांगतो की रक्कम कुठल्या चलनात वाचायची. 58 सांगतो की पैसे कुठल्या देशात स्वीकारले जाताहेत. इक्वेडोरने 2000 साली डॉलर घेतला, म्हणून तो देश अमेरिका होत नाही.

पाटीपेन्सिल
पण भारताचं 356 दोन्हीकडे तेच आहे की! देशाचा आकडाही 356, रुपयाचाही 356. सिंगापूर 702, थायलंड 764, तिथेही तसंच. हा योगायोग कसा असेल?

अडकित्ता
योगायोग नाहीच. आयएसओ 4217 या मानकाने चलनांना आकडे देताना शक्य तिथे देशाचाच आकडा उचलला. कंबोडिया 116, रिएलही 116. गोम अशी की जुनं चलन मोडून नवं आलं, किंवा चलन एका देशाचं राहिलं नाही, की अनेकदा आकडा 900 च्या पुढचा मिळतो. युरो 978. ब्राझीलचा देश-आकडा 076, पण आत्ताच्या रेआलचा 986. म्हणून तिथल्या पिक्स या पेमेंट यंत्रणेच्या क्यूआरमध्ये `5303986` आणि `5802BR` असं दिसतं. देशावरून चलन काढणारा कोड भारत-सिंगापूरच्या चाचणीत पास होतो आणि ब्राझीलमध्ये आपटतो. शिवाय 58 मध्ये आकडा नसतोच, दोन इंग्रजी अक्षरं असतात.

चिंचगुळाची आमटी
मी 58 शोधला तर देश म्हणून `53038405802K` आलं. धागाकर्त्याने मजकूर चुकीचा उतरवलाय का?

अडकित्ता
मजकूर बरोबर आहे, शोधायची रीत चुकली. तुम्हाला सापडलेला 58 हा देशाचा नाही, 5812 मधला आहे. 52 या रकान्यात व्यवसायाचा प्रकार असतो आणि उपाहारगृहाचा आकडा नेमका 5812. तुमच्या कोडने 58 ला रकाना मानलं, 12 ला लांबी मानलं आणि पुढची बारा अक्षरं गिळली. किराणा दुकानावर चालेल, हॉटेलवर फसेल, आणि मग लोक स्कॅनरला शिव्या घालतील.

शोधायचं नाही, चालत जायचं. दोन अंक रकान्याचे, दोन लांबीचे, तेवढी अक्षरं घ्यायची, की पुढचा रकाना.

```python
def ulgada(s):
    i, out = 0, {}
    while i < len(s):
        n = int(s[i+2:i+4])
        out[s[i:i+2]] = s[i+4:i+4+n]
        i += 4 + n
    return out
```

इथे `00` पासून निघालात तर 29 मध्ये 14 अक्षरं एकगठ्ठा येतात. त्यांच्या आत `00`, `10` आणि खात्याचा पत्ता अशी तीच रचना पुन्हा आहे, ती वेगळी उलगडायची. आतला 00 आणि बाहेरचा 00 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तिजोरीवाले काका
थोडं वेगळं बोलतो. 58 म्हणजे दुकानाची कंपनी जिथे नोंदली आहे तो देश. त्यावरूनच परदेशी व्यवहाराचा आकार, म्हणजे शुल्क, लागतो. म्हणून तो चलनाशी ताडून पाहणं ग्राहकाच्या हिताचंच आहे.

अडकित्ता
काका, आकार लागण्यात व्यापाऱ्याच्या देशाचा हात असतो, इथवर मान्य. पण 58 मध्ये कंपनीच्या नोंदणीचा देश अपेक्षित नाही. पैसे जिथे स्वीकारले जातात तिथला देश अपेक्षित आहे. सिंगापूरच्या कंपनीचं कॅफे सिएम रीपमध्ये असेल तरी KH च. आणि आकार ठरतो तो बँकेकडे पोचलेल्या व्यवहाराच्या तपशिलावरून, स्टिकरवरच्या दोन अक्षरांवरून नव्हे.

वाणसामान
आमच्या दुकानाच्या यूपीआय स्टिकरवर 58 मिळतच नाही. `upi://pay?pa=` ने सुरू होतो, पुढे `cu=INR` आहे. देश कुठेच नाही. स्टिकर बदलून घ्यावं का?

चिंचगुळाची आमटी
अजिबात नको. तो दुव्याच्या रूपातला क्यूआर आहे, त्यात रकान्यांची ही रचनाच नाही. भारतक्यूआरचं स्टिकर असेल तर त्यात `5303356` आणि `5802IN` सापडेल.

तिजोरीवाले काका
बरं, नोंदणीचं मागे घेतो. पण फसवणुकीचं काय? कोणी KH च्या जागी दुसरा देश घातला तर सीआरसी चुकेल आणि ऍपला कळेल, बरोबर?

अडकित्ता
कळणार नाही. 63 मधला सीआरसी ही सही नव्हे. सुरुवातीपासून `6304` धरून सगळ्या मजकुरावर तो काढतात, आणि ती रीत जाहीर आहे. फाटलेलं किंवा चुकीचं वाचलेलं स्टिकर तो पकडतो. मुद्दाम बदल करणारा चार नवी अक्षरं काढून चिकटवतो.

मुळात चोराला 58 ला हात लावायची गरजच नाही. तो 29 मधला खात्याचा पत्ता बदलेल. KH, Siem Reap, Lotus Cafe सगळं तसंच ठेवेल. 59 मधलं नाव हा नुसता मजकूर आहे. म्हणून ऍपने तो पत्ता पेमेंट नेटवर्कला विचारून तिथून आलेलं नाव दाखवावं. व्यापाऱ्याची ओळख तिथे आहे, देशाच्या रकान्यात नाही.

पाटीपेन्सिल
म्हणजे 53 आणि 58 ताडूच नयेत? हेही पटत नाही. KH सोबत 764, म्हणजे थाई बात, आलं तर?

अडकित्ता
तर अडवा, मी तुमच्या बाजूने. पण "देशाचं चलन कुठलं" या तक्त्यावरून नको. आधी 26 ते 51 मधून नेटवर्क ओळखा, मग त्या नेटवर्कला कुठली चलनं चालतात ते पाहा. केएचक्यूआरला 116 आणि 840, पिक्सला 986.

आणि खरा धोका तर जुळणाऱ्या, वैध स्टिकरमध्येच आहे. वरच्या मजकुरात 54 हा रकमेचा रकाना नाही, म्हणजे रक्कम ग्राहक टाकणार. एका डॉलरला साधारण 4,000 रिएल. पाटीवर 18,000 रिएल लिहिलंय, ऍपने KH बघून मनानेच रिएलचं चिन्ह दाखवलं, ग्राहकाने 18000 टाकले, आणि 53 मध्ये 840 आहे. साडेचार डॉलरच्या जेवणाला अठरा हजार डॉलर! शिल्लक नसेल म्हणून व्यवहार फसेल, तेवढंच नशीब.

तिजोरीवाले काका
म्हणूनच म्हणतो, अशा वेळी किमान एक जास्तीचा पडदा तरी हवा: "देश कंबोडिया, चलन डॉलर, पुढे जायचं?"

चिंचगुळाची आमटी
तिथे डॉलरचं स्टिकर रोजचं आहे काका. दिवसाला दहा वेळा तोच पडदा आला की लोक न वाचता "हो" दाबतात. रकमेच्या खोक्यालाच USD मोठ्या अक्षरांत चिकटवा, आणि शेजारी रुपयांतली अंदाजे रक्कम.

तिजोरीवाले काका
रोज जाणाऱ्याला नको, पण पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पडदा हवाच. यावर मी हटणार नाही.