मदत हवी आहे: चुकीची इन्व्हॉइस गेली, टीमसाठीच्या नोंदीत 'कारण' काय लिहू?

रिकामा_डबा:
आमच्या बिलिंगमध्ये घोळ झाला आणि त्याची नोंद सहकाऱ्यांसाठी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. दर ४० होता, १ जुलैपासून ४६ होणार होता. नवा दर सिस्टीममध्ये २४ जूनलाच भरला गेला. १ तारखेच्या मध्यरात्री जूनची इन्व्हॉइस निघाली ती सगळी ४६ ने. ३५० युनिटवाल्या ग्राहकाला १४,००० ऐवजी १६,१०० चं बिल. क्वेरी अशी होती:

```sql
SELECT rate FROM rates
WHERE product_id = :pid
ORDER BY valid_from DESC
LIMIT 1
```

मॅनेजरच्या मसुद्यात कारण म्हणून 'दर वेळेआधी भरला' असं आहे, आणि उपाय म्हणून 'यापुढे दर १ तारखेनंतरच भरावेत'. मला हे खटकतंय, पण नेमकं कसं मांडू?

जुना_खातेदार:
खटकायलाच हवं. `valid_from` हा रकानाच मुळी पुढची तारीख आधी भरता यावी म्हणून असतो. भरणाऱ्याने तो जसा वापरायचा तसाच वापरला. क्वेरी वापराची तारीख बघतच नाही, सर्वात नवी ओळ उचलते. `AND valid_from <= :usage_date` ही अट नाही, हे कारण. २४ तारखेची नोंद हे फक्त निमित्त. नोंदीत दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या वाक्यांत.
आणि एक वाक्य असं हवंच: आजवर हे का दिसलं नाही? माझा अंदाज, दर नेहमी बिलं निघून गेल्यावर भरले जात असणार.

रिकामा_डबा:
बरोबर, १ तारखेला सकाळी भरायचे. टेस्टमध्येही प्रत्येक प्रॉडक्टला एकच दर होता, त्यामुळे ही क्वेरी कायम पासच व्हायची.

चहावाला_कोडर:
एवढं काय त्यात? अट टाका, जूनची इन्व्हॉइस परत चालवा, त्याच नंबरने नवी पीडीएफ पाठवा. नोंदीत 'दुरुस्त केलं' लिहा, झालं.

जुना_खातेदार:
अट टाकायची हे ठीक, पण त्याच नंबरने पुन्हा पाठवू नका. ग्राहकाने पहिलं इन्व्हॉइस आपल्या हिशेबात चढवलेलं असतं. एकाच नंबरावर दोन रकमा म्हणजे त्यांच्या लेखापालाच्या डोक्याला ताप, आणि बऱ्याच ठिकाणी ते नियमातही बसत नाही. क्रेडिट नोट काढा, मग नव्या नंबरचं इन्व्हॉइस.

सायली_म्हणते:
ग्राहकांना लिहिताना आधी माफी मागा आणि रक्कम कधी परत मिळेल ते सांगा. तांत्रिक कारणं त्यांना नकोच असतात.

रिकामा_डबा:
सायली, ते पत्र गेलंय. ही नोंद आतल्या टीमसाठी आहे.

सायली_म्हणते:
अरे हो, घाईत वाचलं. मग आमच्याकडचं सांगते. आमच्याकडे कर ओळीनुसार राउंड व्हायचा आणि बेरजेवर पुन्हा. पैशांचा फरक, पण शेकडो बिलांत. त्यानंतर एकूण रक्कम मागच्या महिन्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलली की बिलं थांबवायची, असा चेक लावला. तुम्हीही लावा.

जुना_खातेदार:
वाईट नाही, पण इथे तो गप्पच बसला असता. ४० चे ४६ म्हणजे १५ टक्के. तुमचा राउंडिंगचा फरकही त्यात सापडला नसता! पाठवण्याआधी प्रत्येक ओळीचा दर त्या वापराच्या तारखेला लागू असलेल्या दराशी ताडून बघा, आणि हा चेक बिलिंगच्या त्याच फंक्शनला विचारून करू नका, नाहीतर दोघे मिळून चुकतील. शिवाय इन्व्हॉइसच्या ओळीवर दराचा आयडी साठवा. मग कोणती बिलं चुकली हे तक्रारींची वाट न बघता एका क्वेरीत कळतं.
टेस्ट मात्र एवढीच पुरे: एकाच प्रॉडक्टला मागचा, चालू आणि पुढचा असे तीन दर, आणि वापर बदलाच्या आदल्या दिवशी व त्याच दिवशी.
एक शंका: १ तारखेनंतर उशिरा काढलेली जुनी बिलं असतील ना? दर भरून झाल्यावर काढलेलं प्रत्येक बिल याच खड्ड्यात गेलं असणार.

रिकामा_डबा:
आत्ताच पाहिलं. मागच्या दरवाढीच्या वेळची काही उशिराची बिलं निघाली, नव्या दराची. कोणी तक्रारच केली नव्हती. म्हणजे 'फक्त जूनवर परिणाम' हे वाक्य काढावं लागणार.

चहावाला_कोडर:
आणि मॅनेजरचा '१ तारखेनंतरच भरा' हा नियम? अट प्रॉडक्शनला जाईपर्यंत तरी ठेवा की.

जुना_खातेदार:
तात्पुरता म्हणून ठेवा, कधी उठणार ती तारीख लिहून. पण १ तारखेनंतर भरूनही उशिराची बिलं चुकलीच होती, तेव्हा अट जाईपर्यंत तीही थांबवा. कमिट कोणाचं होतं हे मी लिहिणार नाही, रिव्ह्यूमध्ये काय बघितलं गेलं नाही तेवढं लिहीन.

सायली_म्हणते:
आमच्याकडे नाव लिहितात. कोणाला विचारायचं ते कळतं. मला त्यात गैर वाटत नाही.

रिकामा_डबा:
नावाचं टीमला विचारतो. जुन्या बिलांच्या क्रेडिट नोट आधी काढायच्या की नोंद आधी पाठवायची, यावर अकाउंट्सशी अजून वाद चालू आहे.