मदत हवी आहे: कोपऱ्याच्या प्लॉटची रुंदी किती धरू?

मंडळी, मुलुंडमधल्या छोट्या लेआउटचं काम चालू आहे. १२ मीटरच्या मुख्य रस्त्यावर ६० मीटर दर्शनी लांबी, एका टोकाला ९ मीटरचा आतला रस्ता. पाच प्लॉट, खोली १५ मीटर.

सगळे १२ मीटरचे पाडले तर कोपऱ्यावाला मार खातो. रस्त्याकडे ३ आणि शेजाऱ्याकडे दीड मीटर सोडायचं धरलंय, म्हणजे मधल्यांना बांधायला ९ मीटर रुंदी, त्याला साडेसातच.

म्हणून चार ११.७ चे, कोपऱ्याचा १३.२ चा केला. आता सगळ्यांना ८.७ मिळतात. पण वळणावर दिसावं म्हणून ३ बाय ३ चा तिरका छाटही द्यायचाय, त्यात साडेचार चौरस मीटर जातात. ती भरपाई रुंदीत द्यावी का? फाटक ९ मीटरच्या रस्त्यावर, कोपऱ्यापासून किती लांब ठेवता?