पहिल्याच उत्तरात भाव लिहायचा का?

मानेवाडा_डिझाईन: इतवारीतल्या एका मिठाईवाल्यांचा मेसेज आलाय, "संत्रा बर्फीच्या डब्याचं डिझाईन पाहिजे, किती घ्याल?" बस, एवढंच. पहिल्या उत्तरातच काम, पैसे आणि किती वेळा बदल करून देणार हे लिहून टाकू का?

बर्डीवाला: अजिबात नको. तोच आकडा दाखवून ते दुसऱ्याकडून कमी करून घेतात. मी आधी फोन करतो, दुकानात जाऊन चहा घेतो. माणूस पाहून भाव.

रेषा_धरमपेठ: माणूस पाहून भाव ठरवला तर बदलही मग त्या माणसाच्या मर्जीने येतात, भाऊ. आकडा लिहावा, पण ठरावीक कामाला बांधून. मी असं लिहीन:

"अर्धा किलोचा एक डबा, एकच चव. डब्याचा कटिंगचा आराखडा तुमच्या छपाईवाल्याकडून, फोटो तुमचे. सुरुवातीला दोन डिझाईन दाखवेन, निवडाल त्यात बदलाच्या दोन फेऱ्या. 14,000 रुपये, निम्मे आधी. तिसऱ्या फेरीपासून दर फेरीला 1,500. हा भाव 15 दिवसांसाठी."

यात फेरी म्हणजे काय तेही लिहावं लागतं. सकाळी वडील म्हणतात केशरी गडद करा, रात्री मुलगा म्हणतो फिका करा, मग जावईबापू. म्हणून सगळ्यांचे बदल एकाच यादीत, एकाच माणसाकडून. माझी चूक असेल तर ती फेरीत धरत नाही.

खरी अडचण मागच्या बाजूची. घटक, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा लायसन्स नंबर हे सगळं शेवटी येतं आणि जागाच उरलेली नसते. मांडणी पुन्हा करावी लागते, वर ऐकायचं, "फक्त मजकूर तर टाकायचाय." पूर्ण मजकूर हातात आल्याशिवाय मी सुरुवात करत नाही, हेही पहिल्याच उत्तरात.

राजेहो_४४: अनलिमिटेड बदल लिहून टाका ना बाप्पा. दोन-तीनच्या वर मागते कोण?

रेषा_धरमपेठ: मालक एकटा असेल तर खरंय. तीन भावांचं दुकान असेल तर दिवाळी निघून जाईल.

अनुवादवाली: माझं शब्दांवर चालतं. पण मूळ मजकूरच बदलून पाठवला तर तो बदल समजायचा की नवं काम? यावरून दरवेळी वाजतं.

बर्डीवाला: रेषाताई, डबा अर्धा किलोचा हे त्यांनी सांगितलंच नाही. तुम्ही कुठून आणलं?

रेषा_धरमपेठ: अंदाजानेच. "आकार कोणता?" विचारलं की चार दिवस उत्तर येत नाही. चुकीचं लिहिलं की लगेच दुरुस्त करतात.

मानेवाडा_डिझाईन: पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर, "डबे तीन आहेत. पाव, अर्धा, एक किलो. मग 14 मध्ये तिन्ही ना?"

रेषा_धरमपेठ: नाही. अर्ध्या किलोचं पक्कं झाल्यावर बाकीचे दोन त्यावरूनच, प्रत्येकी 3,000. त्यात नवीन कल्पना नाही, फक्त मापात बसवणं. म्हणजे एकूण 20,000.

बर्डीवाला: आता तरी फोन करा.