मदत हवी आहे : देव्हाऱ्यातील घोडेस्वाराचा टाक खंडोबाचा आहे की आणखी कोणाचा?

माळवकन्या (इंदूर)
नमस्कार. धाकट्या भावाच्या लग्नापूर्वी घरातील टाक उजळायला सराफ्यात द्यायचे आहेत. त्यांपैकी एका चांदीच्या टाकाची ओळख पटत नाही. सोनारकाकांकडे खंडोबाचा ठसा तयार आहे आणि घोडेस्वार म्हटल्यावर तोच वापरायचा त्यांचा विचार आहे. परंतु एकदा नवा पत्रा त्या ठशावर ठोकला आणि जुना आटवला, की मूळ आकृती कायमची गेली. म्हणून आधी येथे विचारते आहे.

टाक अंगठ्याहून थोडा मोठा व पानाच्या आकाराचा आहे. घोडा आपल्या उजव्या हाताकडे तोंड करून उभा आहे. स्वाराचा चेहरा घासून सपाट झाला आहे. त्याच्या हातात काहीतरी लांब आणि सरळ आहे, जे घोड्याच्या मानेखालून वर येऊन स्वाराच्या डोक्यापलीकडे जाते. घोड्याच्या पुढच्या पायापासून एक नागमोडी रेघ वर चढत स्वाराच्या हनुवटीपर्यंत पोहोचते. आई तिला लगाम म्हणते. वर सूर्य आणि चंद्र आहेत. स्त्रीची आकृती नाही, कुत्रा नाही. टाकाच्या माथ्यावर एक लहान कडी डाखलेली आहे, जी आमच्या इतर टाकांना नाही. घरात म्हाळसेसह खंडोबाचा वेगळा टाक आहेच. मग हा कोण?

होळकरनगरी
हा खंडोबाच आहे, यात मला शंका वाटत नाही. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचे, आणि इंदूरच्या मराठी घरातील देव्हाऱ्यात घोड्यावरचा देव म्हणजे मल्हारी मार्तंड. लांब वस्तू म्हणजे त्याचा खंडा. म्हाळसा काही टाकांत नसते. दोन भावांच्या वाटण्या पुढे एकत्र आल्या की एका घरात दोन खंडोबा होतात, आमच्याकडेही आहेत.

श्रीपादकाका
होळकरनगरी, दोन खंडोबा एका घरी असू शकतात आणि म्हाळसेवाचून टाकही असतात, ही आपली दोन्ही विधाने बरोबर आहेत. तथापि वाहन हे ओळखीचे पहिले पाऊल असते, शेवटचे नव्हे. घोड्यावर बसणारे देव आणि वीर पुष्कळ आहेत आणि माळव्यात तर महाराष्ट्रापेक्षा अधिक आहेत, कारण तेथे राजस्थानचे लोकदेवही घरोघर पूजले जातात.

माळवकन्याताई, आपण सूर्य-चंद्रांचा उल्लेख केला, परंतु ते कितीतरी देवांच्या टाकांवर येतात, त्यामुळे त्यांवरून काहीच ठरत नाही. खंडोबाचा खंडा रुंद पात्याचा असतो आणि तो उगारलेला किंवा खांद्याशी धरलेला दाखवतात. चार हात असतील तर त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचे पात्र शोधावे. घोड्याच्या पायांशी कुत्रा किंवा मणि-मल्लांपैकी कोणाचे मस्तक आहे का, तेही पाहावे. आपण वर्णन केलेली वस्तू घोड्याच्या मानेखालून डोक्यापलीकडे जात असेल, तर तलवारीसाठी ती फार लांब आहे. तो भाला असावा. आणि पायापासून हनुवटीपर्यंत जाणारी रेघ लगाम असू शकत नाही, कारण लगाम घोड्याच्या तोंडापासून स्वाराच्या हातात येतो.

झिजलेल्या टाकाची समोरची बाजू पाहून डोळ्यांना ताण देऊ नका. पत्रा मागून पोकळ असेल तर मागची बाजू कधी घासली गेलेली नसते, आणि ठशातील बारकावे तेथे बऱ्याच अंशी टिकून असतात. घट्ट भिजवलेल्या कणकेचा गोळा तेलाचा हात लावून त्या पोकळीत हलकेच दाबा आणि सरळ वर उचला. समोरच्या बाजूचीच आकृती, परंतु न झिजलेली, कणकेवर उठेल. मग खोलीतील दिवा मालवून विजेरी एका बाजूने, अगदी आडवी धरून पाहा. मागे लाख भरलेली असेल किंवा दुसरा पत्रा डाखलेला असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही. छायाचित्र टाकाल तेव्हा ते उलटे तर झालेले नाही ना, तेही तपासा. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने पुष्कळदा उजवा हात डावा होतो.

सुनंदा_वडोदरा
येथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते. आमच्या शेजारच्या दुकानातील कॅलेंडरवर पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध माशावर बसलेले आहेत आणि त्यांच्या हातात पोथी आहे. तो मत्स्यावतार समजावा काय?

श्रीपादकाका
सुनंदाताई, ते सिंधी समाजाचे झुलेलाल. मत्स्यावतारात विष्णूचे कमरेखालचे शरीरच बहुधा माशाचे असते. येथे मासा हे वाहन आहे.

ग्वाल्हेरकर
ज्योतिबाचा विचार कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. शिंद्यांचे कुलदैवत असल्यामुळे आमच्याकडे त्याचे टाक अनेक घरांत आहेत, तोही अश्वारूढ असतो, आणि खड्ग, त्रिशूळ, डमरू व पात्र हीच त्याचीही आयुधे. नुसत्या स्वारावरून खंडोबा आणि ज्योतिबा वेगळे करून दाखवावेत.

श्रीपादकाका
ते बहुधा दाखवता येत नाहीत, आणि तेथे कुलाचारालाच विचारावे लागते. परंतु ज्योतिबाला भाला आणि ती वर चढणारी रेघ कशी जुळवायची, हा प्रश्न राहतोच.

माळवकन्या (इंदूर)
काका, मागची बाजू पोकळ होती. कणकेवरचा उठाव इतका स्पष्ट आला की आईही पाहत राहिली. ती रेघ साप आहे. घोड्याच्या पुढच्या पायाला त्याचा एक वेढा आहे, पुढे तो भाल्याच्या दांड्याला लागून वर जातो, आणि फणा स्वाराच्या तोंडाला भिडलेला आहे. स्वाराचे तोंड उघडे असून जिभेसारखा एक उंचवटा पुढे आला आहे. हात दोनच आहेत. घोड्याच्या पोटाखाली काही नाही.

श्रीपादकाका
मग हे तेजाजी आहेत. राजस्थानात नागौरजवळच्या खरनाळचा हा जाट वीर. लाछा गुजरीच्या गाई सोडवायला निघालेल्या तेजाजीने वाटेत भेटलेल्या नागाला परत येण्याचे वचन दिले, आणि लढाईनंतर ते पाळायला तो आला तेव्हा अंगावर जखमेवाचून जागा उरली नव्हती, म्हणून त्याने जीभ पुढे केली. भाला आणि घोडी इतरांचीही असते. जिभेला डसणारा नाग ही त्यांची खूण आहे. केवळ भाला आणि ध्वज असता तर मी रामदेवजी म्हटले असते.

निमाडी_मराठी
मला अजून थोडी शंका आहे. गोगाजीही घोड्यावर, भाला घेतलेले आणि सापासह दाखवतात, आणि सर्पदंशासाठी लोक त्यांनाही नवस बोलतात. हिंदी पंचांगात भाद्रपद वद्य नवमीला येणारी त्यांची नवमी आपल्याकडे श्रावण वद्य नवमी म्हणून धरावी लागते. तेजादशमी मात्र दोन्हीकडे भाद्रपद शुद्ध दशमीच. त्या दिवशी आमच्या भागात तेजाजीच्या ठाण्यावर छत्र्या आणि निशाणे घेऊन लोक जातात. ताईंच्या घरी या दोहोंपैकी कोणत्या दिवशी काही नेम होता काय, ते आईंना विचारावे. आणि ती कडी पाहता हा टाक नसून गळ्यात घालायचे पदक असावे, असे मला वाटते. घरातील कोणाला साप चावला असता कोणी बांधले असेल आणि नंतर ते देव्हाऱ्यात आले असेल.

श्रीपादकाका
कडीबद्दल आपले म्हणणे पटते. गोगाजींच्या बाबतीत मी पाहिलेल्या चित्रांत साप जवळ असतो, जिभेशी नसतो. म्हणून मी तेजाजींवर ठाम आहे.

माळवकन्या (इंदूर)
आईला दशमीचे काही आठवत नाही. आजीच्या माहेरी कोणी सांगेल तर येथे लिहीन. सोनारकाकांना हे पदक न आटवता फक्त कडी घट्ट करून परत द्यायला सांगितले आहे. आता पाच टाकांच्या रांगेत ते ठेवावे की बाजूला, यावर घरात दोन मते आहेत. आपल्याकडे कोणाच्या देव्हाऱ्यात असे दुसऱ्या प्रांताचे दैवत असल्यास कृपया सांगावे.

होळकरनगरी
आमच्याकडे शीतलामातेचा एक टाक आहे, तो आम्ही रांगेबाहेर ठेवतो आणि कुलदैवतांच्या नैवेद्यानंतर त्याला वेगळा नैवेद्य दाखवतो. आपल्या पदकाचा कणकेचा उठाव वाळण्यापूर्वी त्याचे छायाचित्र मात्र काढून ठेवा.