काश्मीरच्या सहलीचे पैसे भरण्याआधी एजन्सी तपासलीत का? कशी?

मंजिरी, पुणे
मे महिन्यात आम्ही सहाजण काश्मीरला निघालोय, सासूबाईही आहेत. एजन्सी निम्मे पैसे आगाऊ मागतेय. ‘सरकारमान्य आहात का?’ विचारलं तर व्हॉट्सॅपवर सिंहमुद्रेचं एक प्रमाणपत्र आलं. लेकाने बघितलं आणि म्हणाला, आई, हे उद्यम नोंदणीचं आहे, आपला पापडवालाही हे काढू शकतो. मग पर्यटन खात्याची मान्यता असते कुठे? ज्यांनी खरंच तपासलंय त्यांनी लिहा.

जुना एजंट
वीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून लिहितो. केंद्रीय पर्यटन मंत्रालय मान्यता देतं, पण प्रकारानुसार: परदेशी पाहुणे भारतात आणणारे, देशांतर्गत सहली काढणारे, साहसी पर्यटनवाले, ट्रॅव्हल एजंट, पर्यटक वाहतूकवाले. मान्यता पाच वर्षांची असते, मग नूतनीकरण. nidhi.tourism.gov.in वर एजन्सीचं नाव शोधा. एक मेख आहे, तिथे नुसती नोंदणी झाली की एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे मान्यता नव्हे. लोक तोच छापून मिरवतात.
आणि ही मान्यता ऐच्छिक आहे. माझ्याकडेही ती नाही, कारण कागदपत्रांचा व्याप माझ्या दोन माणसांच्या ऑफिसला झेपत नाही. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून कोणाला लुच्चा ठरवू नका.

सातारकर
एवढी झंझट कशाला? जीएसटी नंबर मागायचा. तो असला की सरकारमान्यच.

जुना एजंट
तो करदाता आहे, एवढंच त्यावरून कळतं. तरी नंबर जरूर बघा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर P असेल तर एकटा माणूस, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि पॅनमध्ये P, असं दिसलं की विचारा.

सातारकर
हे माहीत नव्हतं. आमच्या एजंटचा बघितला, P निघाला. पण तो स्वतःला कंपनी म्हणवतच नाही, तेव्हा ठीक.

अनघा, ठाणे
काश्मीरसाठी वेगळं सांगते. तिथे 1978 चा पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे, त्यामुळे तिथल्या ट्रॅव्हल एजंटला जम्मू-काश्मीरच्या पर्यटन विभागाकडे नोंदणी करावीच लागते. गोव्यातही असा कायदा आहे, 1982 चा. आमचा एजंट ठाण्याचा, पण गाडी, हाउसबोट, हॉटेल सगळं श्रीनगरच्या माणसाकडे. मी ठाण्याचा परवाना बघत बसले नाही, श्रीनगरवाल्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागितला. दोन दिवस टाळाटाळ, मग एक जुना फोटो आला, मुदत संपलेला. ‘रिन्यूअलला टाकलंय’ म्हणे. मी श्रीनगरच्या पर्यटन कार्यालयात फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, या क्रमांकावर दुसऱ्याच फर्मचं नाव आहे. पैसे भरले नव्हते म्हणून बचावलो. दुसऱ्या एजन्सीकडून गेलो. तिने क्रमांक मागताच पाठवला, हाउसबोटवाल्याशी थेट बोलणंही करून दिलं. बँक खातं फर्मच्या नावाचं होतं, कोणा भावाच्या नावाचं नव्हतं.

नागपूरचा प्रवासी
केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त heliyatra.irctc.co.in वर मिळतं. आमच्या मामांनी दुसऱ्याच साइटवर पैसे भरले, ते बुडाले. सांभाळा.

मंजिरी, पुणे
मामांचं ऐकून वाईट वाटलं, पण आमचं काश्मीरचं चाललंय हो :)

निनाद, नाशिक
आमची युरोपची सहल आहे. मंत्रालयाच्या यादीत भारतीयांना बाहेर नेणाऱ्यांचा प्रकारच सापडला नाही. मग तपासायचं कसं?

जुना एजंट
बरोबर शोधलंत, तो प्रकार नाही. विमानाची तिकिटं असतील तर एअरलाइनचा पीएनआर मागून तिच्या साइटवर स्वतः बघा. पीएनआर दिसला म्हणजे पैसे भरलेच असं नाही; तिकीट क्रमांक आला का ते बघा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा आगाऊ प्राप्तिकर कापला जातो, तो नंतर तुमच्या 26एएस या प्राप्तिकर खात्याच्या उताऱ्यात दिसायला हवा. पण तो पैसे भरल्यावर कळतो, म्हणून हे अर्धंच उत्तर.

निनाद, नाशिक
म्हणजे आधी कळायला काहीच नाही?

अनघा, ठाणे
आधीच्या वर्षीच्या दोन प्रवाशांचे फोन मागा. त्यातही एजंटचेच नातेवाईक निघू शकतात म्हणा.

मंजिरी, पुणे
मी आज एजन्सीला विचारलं, श्रीनगरमध्ये तुमचं काम कोण बघतं? ‘मॅडम, ते आमचं अंतर्गत असतं’ असं उत्तर आलं. सोमवारपर्यंत नाव आणि क्रमांक द्या, नाहीतर राहू दे, असं सांगितलंय. सासूबाईंनी मात्र शाली घ्यायच्या याद्या काढल्यात.