मदत हवी आहे: रजेचा अर्ज नीट मांडून द्याल का?

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घाईत एवढंच टाईप केलंय:

"सर मला १२ ते १४ तारखेला सुट्टी पाहिजे आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे गावी जायचंय तरी द्यावी"

उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति, मा. मुख्याध्यापक', खाली विषय आणि 'महोदय', एवढं जमलं. विषयात 'नैमित्तिक रजा मिळणेबाबत' लिहिलं, पण गावी जाणार असल्याने मुख्यालय सोडण्याची परवानगीही विषयातच मागायची की मजकुरात? आणि 'आपली विश्वासू'च्या खाली सही, नाव, पदनाम कोणत्या क्रमाने? उद्या सकाळी द्यायचाय, कुणीतरी पूर्ण मसुदा लिहून दाखवा ना.